दोन गोळ्या आणि मधले तास

साठीच्या आसपास पुरुषाच्या शरीरात दोन तक्रारी बहुधा एकाच सुमारास येतात. प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्रमार्गाला वेढा घालते, त्यामुळे लघवीची धार बारीक होते, थांबून थांबून होते आणि रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. त्याच वयात लिंगाला ताठरता येणंही कमी होतं, विशेषतः मधुमेह, रक्तदाब किंवा सिगरेट यांची सोबत असेल तर. पहिल्या तक्रारीवर डॉक्टर अल्फा ब्लॉकर गटातली गोळी देतात: टॅमसुलोसिन, अल्फुझोसिन, सिलोडोसिन, किंवा जुन्या पिढीतलं डॉक्साझोसिन आणि टेराझोसिन. दुसरीवर सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल. दोन्ही गोळ्या एकाच माणसाच्या कपाटात येणं यात काही विशेष नाही. प्रश्न येतो तो दोन्ही एका दिवशी घ्यायच्या वेळी. एकत्र घेतल्या तर चक्कर येते, भोवळ येऊन पडायला होतं, हे पुष्कळांनी ऐकलेलं असतं. मग मेडिकलच्या दुकानात दबक्या आवाजात विचारलं जातं, मध्ये किती तास सोडायचे? उत्तर मिळतं, चार तास. या प्रकरणात मला एवढंच सिद्ध करायचं आहे, की हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. मधल्या तासांना महत्त्व आहे, पण ते तिसऱ्या क्रमांकाचं. त्याआधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात. अल्फा ब्लॉकर कोणता आहे आणि शरीर त्याला सरावलं आहे का, ही पहिली. ताठरतेची गोळी किती छोट्या मात्रेनं सुरू केली, ही दुसरी. या दोन्ही चुकल्या, तर घड्याळ पाहून माणूस वाचत नाही.

चक्कर का येते हे समजायला आपण उभे राहतो तेव्हा शरीरात काय होतं ते पाहावं लागेल. झोपलेला माणूस उभा राहिला की अर्ध्या ते पाऊण लिटरच्या घरात रक्त पायांकडे आणि पोटातल्या शिरांकडे उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त कमी होतं, दाब घसरू लागतो आणि मानेतल्या रोहिणीत बसवलेली दाबाची जाणीव हे काही ठोक्यांत टिपते. मेंदूकडून आदेश सुटतो, मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनालिन बाहेर पडतं, ते रक्तवाहिन्यांच्या भिंतीतल्या अल्फा-१ ग्राहकांना चिकटतं आणि भिंती आवळल्या जातात. नाडीही थोडी वाढते. सगळं इतक्या झटपट होतं की आपल्याला पत्ताही लागत नाही. अल्फा ब्लॉकर नेमके हेच ग्राहक अडवतो. प्रोस्टेटच्या आणि मूत्राशयाच्या तोंडाशी असलेल्या स्नायूंवरही ते असतात, ते अडवले की स्नायू सैलावतात आणि लघवी मोकळी होते. तोच आपल्याला हवा असलेला फायदा. पण रक्तवाहिन्यांवरचे ग्राहकही अडवले गेले, तर उभं राहताना भिंती आवळण्याचा आदेश तिथवर पोहोचतच नाही.

ताठरतेची गोळी वेगळ्या वाटेनं त्याच भिंतीपाशी येते. लैंगिक उत्तेजनाच्या वेळी लिंगातल्या रक्तवाहिन्यांत नायट्रिक ऑक्साइड तयार होतं, त्यातून सीजीएमपी नावाचा रेणू वाढतो आणि भिंती सैलावून रक्त आत भरतं. हा रेणू मोडून टाकणारं एक विकर असतं. सिल्डेनाफिल, टाडालाफिल त्याला रोखतात, म्हणून सीजीएमपी जास्त वेळ टिकतो. हे विकर शरीरातल्या इतर रक्तवाहिन्यांतही आहे, त्यामुळे या गोळीनं एकूण रक्तदाबही जरासा उतरतो. निरोगी माणसात सिल्डेनाफिलची १०० मिलिग्रॅमची मात्रा वरचा दाब सरासरी आठ अंकांनी आणि खालचा पाचेक अंकांनी कमी करते. एरवी याचा त्रास होत नाही, कारण दाब उतरतोय असं दिसलं की नॉरॲड्रेनालिनचा आदेश सुटतो आणि तूट भरून निघते. दोन गोळ्या एकत्र आल्या की पहिली ती तूट भरण्याचा रस्ताच अडवून बसलेली असते. म्हणून ही नुसती बेरीज नाही. एक गोळी दाब उतरवते आणि दुसरी तो सावरू देत नाही, या दृष्टीनं पाहिलं की पुढचे सगळे नियम समजायला सोपे जातात.

आता पुरावा. सिल्डेनाफिलला अमेरिकेत मार्च १९९८ मध्ये परवानगी मिळाली. अल्फा ब्लॉकरशी त्याचा संबंध त्यानंतर नीट तपासला गेला. प्रोस्टेटसाठी डॉक्साझोसिन घेऊन स्थिरावलेल्या रुग्णांना त्याच वेळी सिल्डेनाफिल दिलं, तेव्हा उभ्या स्थितीत वरचा दाब ५० मिलिग्रॅमच्या मात्रेवर सरासरी ११ अंकांनी अधिक उतरला. काहींना उभं राहताना चक्कर आली, डोकं हलकं वाटलं, पण कुणी बेशुद्ध पडलं नाही. २००३ मध्ये आलेल्या वार्डेनाफिलच्या बाबतीत निकाल जास्त कडक होता. निरोगी स्वयंसेवकांना थोड्या दिवसांत टेराझोसिनची मात्रा भराभर दहा मिलिग्रॅमपर्यंत चढवली आणि सोबत वार्डेनाफिल दिलं, तर उभं राहताना अनेकांचा वरचा दाब ८५ च्याही खाली गेला. सहा तासांचं अंतर ठेवल्यावर हे प्रमाण कमी झालं. टाडालाफिलच्या चाचण्यांतली तुलना मला सर्वांत बोलकी वाटते. २० मिलिग्रॅम टाडालाफिल डॉक्साझोसिनसोबत घेतल्यावर उभ्या स्थितीतला वरचा दाब नकली गोळीच्या तुलनेत सरासरी ९.८ अंकांनी जास्त घसरला, आणि तेच टाडालाफिल टॅमसुलोसिनसोबत घेतल्यावर फक्त १.७ अंकांनी. ताठरतेची गोळी तीच, मात्रा तीच, बदलला तो फक्त अल्फा ब्लॉकर.

या फरकाचं कारण ग्राहकांच्या उपप्रकारांत आहे. अल्फा-१ चे ए, बी आणि डी असे तीन पोटप्रकार. प्रोस्टेटमध्ये ए जास्त, रक्तवाहिन्या आवळण्याच्या कामात, विशेषतः उतारवयात, बी चा वाटा मोठा. डॉक्साझोसिन आणि टेराझोसिन तिघांनाही सारखेच अडवतात. ही औषधं मुळात रक्तदाब कमी करण्यासाठीच आली होती. टॅमसुलोसिन बी ला बऱ्याच अंशी सोडून देतं, सिलोडोसिन त्याहून जास्त. म्हणूनच २००३ साली टाडालाफिल अमेरिकेत आलं, तेव्हा त्याच्या माहितीपत्रात टॅमसुलोसिनची ०.४ मिलिग्रॅम मात्रा वगळता बाकीचे अल्फा ब्लॉकर निषिद्ध ठरवले होते. पुढं अनुभव वाढला तसे हे निर्बंध सैल होत गेले. आज कुठल्याच अल्फा ब्लॉकरवर सरसकट बंदी नाही, पण सावधगिरीची सूचना सगळ्यांवर आहे.

इथे एक आक्षेप सहज येईल. सरासरी घसरण दहा-अकरा अंकांची, टॅमसुलोसिनसोबत तर जेमतेम दोन अंकांची, मग एवढा बाऊ कशासाठी? रक्तदाबाची सकाळ-संध्याकाळची मोजणीसुद्धा दहा अंकांनी इकडेतिकडे होते. आक्षेप खोटा नाही, पण सरासरी या आकड्यावर तो जरा जास्तच विसंबतो. गटाची सरासरी अकरा असते, तेव्हा काहींचा दाब दोन-तीन अंकांनी उतरलेला असतो आणि एखाद्याचा तिसाने. चक्कर येऊन पडणारा हा दुसरा माणूस. शिवाय चाचण्यांमध्ये घेतलेले लोक निवडलेले असतात. त्यांना सहसा दुसरी मोठी दुखणी नसतात, त्यांनी दारू घेतलेली नसते आणि शेजारी डॉक्टर बसलेला असतो. प्रत्यक्षात गोळी घेणाऱ्या माणसाला पंधरा वर्षांचा मधुमेह असतो, त्यानं रक्तवाहिन्यांना आदेश नेणारे मज्जातंतूच अधू झालेले असतात, आणि त्यात सकाळची दाबाची गोळी आणि लघवी वाढवणारी गोळीही चालू असते. त्याच्या बाबतीत सावरण्याची ताकद गोळी घेण्याआधीच कमी असते. मात्र उलट टोकाची भीतीही पुराव्याला धरून नाही. वार्डेनाफिलच्या त्या कडक निकालामागं भराभर चढवलेली मात्रा होती. शरीराला सरावायला वेळच मिळाला नव्हता. महिनोन् महिने एकच मात्रा घेत असलेल्या रुग्णावर तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही, आणि निर्बंध सैल होण्यामागचं एक कारण हेच आहे.

यातून डॉक्टरांच्या पद्धतीचा पहिला नियम येतो, तो क्रमाचा. दोन्ही गोळ्या एकाच आठवड्यात सुरू करायच्या नाहीत. आधी अल्फा ब्लॉकर सुरू करून त्याच्यावर शरीर स्थिरावू द्यायचं. पहिल्या काही दिवसांत, विशेषतः डॉक्साझोसिन आणि टेराझोसिन यांच्या पहिल्या मात्रेनंतर, दाब एकदम घसरण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. म्हणूनच ही दोन औषधं एक मिलिग्रॅमपासून, झोपताना सुरू करतात आणि पायरीपायरीनं वाढवतात. नुसत्या अल्फा ब्लॉकरवरच ज्याला उठताना घेरी येते, त्याला ताठरतेची गोळी द्यायचीच नाही, हा नियम सगळ्या माहितीपत्रांत आहे आणि तो कुठल्याही तासांच्या अंतरापेक्षा मोलाचा आहे. क्रम उलटा असेल, म्हणजे माणूस आधीपासून टाडालाफिल घेत असेल आणि आता प्रोस्टेटसाठी औषध लागत असेल, तर अल्फा ब्लॉकरची सुरुवात सर्वांत कमी मात्रेनं करतात. दुसरा नियम मात्रेचा: सिल्डेनाफिल असेल तर २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, टाडालाफिल असेल तर उपलब्ध असलेल्या सर्वांत छोट्या मात्रेपासून. दुकानात सहज मिळते ती पट्टी बहुधा पन्नास किंवा शंभरची असते, आणि गोंधळ तिथेच होतो.

आता तासांकडे येऊ. चार तासांचा नियम हवेतून आलेला नाही. सिल्डेनाफिलच्या एकेकाळच्या अमेरिकी माहितीपत्रात स्पष्ट लिहिलेलं होतं, की ५० किंवा १०० मिलिग्रॅमची मात्रा अल्फा ब्लॉकर घेतल्यापासून चार तासांच्या आत घेऊ नये, २५ मिलिग्रॅम मात्र कधीही चालेल. पुढं हे वाक्य गेलं आणि त्याच्या जागी ‘आधी अल्फा ब्लॉकरवर स्थिर व्हा, मग २५ पासून सुरू करा’ असं आलं. पण लोकांच्या आणि दुकानदारांच्या लक्षात तासांचा आकडा तेवढा राहिला. आकडा लक्षात ठेवायला सोपा असतो, त्यामुळे यात दोष कुणाला द्यावा असं वाटत नाही. तरी त्या आकड्यामागचा हिशेब समजून घेतला पाहिजे. दोन औषधांचे रक्तातले कळस एकाच वेळी येऊ नयेत, एवढाच त्या अंतराचा हेतू आहे. सिल्डेनाफिल साधारण तासाभरात कळसाला जातं आणि चारेक तासांत निम्म्यावर येतं. टेराझोसिन तासाभरात कळस गाठतं, साधं डॉक्साझोसिन दोन-तीन तासांत. या दोन औषधांपासून चार-सहा तास दूर राहिलं, तर कळस एकमेकांवर पडत नाहीत. तेव्हा इथे अंतराला अर्थ आहे.

टॅमसुलोसिनचं तसं नाही. त्याची कॅप्सूल औषध हळूहळू सोडणारी असते. जेवणानंतर घेतली तर कळस सहा-सात तासांनी येतो आणि तोही बुटका. उपाशीपोटी घेतली तर मात्र कळस लवकर येतो आणि चाळीस ते सत्तर टक्के उंच होतो. म्हणूनच ती रोज ठराविक जेवणानंतर अर्ध्या तासानं घ्यायला सांगतात. दोन गोळ्यांच्या वेळेची चिंता करणाऱ्या माणसानं हे वाक्य आधी लक्षात घ्यावं, कारण रिकाम्या पोटी टॅमसुलोसिन घेऊन मोजलेले चार तास, जेवून घेतलेल्या टॅमसुलोसिनपेक्षा वाईट ठरू शकतात. चार तासांनी कळस ओसरलेला नसतो, उलट नेमका त्याच वेळी तो येत असतो. टाडालाफिलच्या बाबतीत तर घड्याळ जवळजवळ निरुपयोगी आहे. त्याला रक्तातून निम्मं व्हायला साडेसतरा तास लागतात आणि परिणाम दीड दिवस टिकतो. शनिवारी रात्री वीस मिलिग्रॅमची गोळी घेतलेल्या माणसानं रविवारी सकाळी आणि रात्रीही अल्फा ब्लॉकर घेतला, तरी दोन्ही वेळा टाडालाफिल रक्तात आहेच. इथे चार तास किंवा सहा तास म्हणणं म्हणजे स्वतःची समजूत घालणं. रोजच्या पाच मिलिग्रॅमच्या टाडालाफिलला तर सुमारे पाच दिवसांत एक सपाट पातळी मिळते, मग अंतर कशापासून मोजणार? त्या बाबतीत सुरक्षितता येते ती छोटी मात्रा आणि सौम्य अल्फा ब्लॉकर यांच्यामुळे, तासांमुळे नाही.

प्रत्यक्षात हे कसं बसवतात ते पाहण्यासाठी एक रुग्ण कल्पून घेऊ. वय ६६, दहा-बारा वर्षांचा मधुमेह, सकाळी रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, आणि रात्री नऊला जेवणानंतर टॅमसुलोसिन ०.४ मिलिग्रॅम, गेले आठ महिने. अकराला झोपतात, एकच्या आणि चारच्या सुमारास लघवीला उठतात. आता त्यांना ताठरतेची गोळी हवी आहे आणि कुणा मित्रानं पन्नासची पट्टी हातात दिली आहे. त्यांनी ती साडेदहाला घेतली, तर काय होईल? साडेअकराच्या आसपास सिल्डेनाफिल कळसाला असेल. एकला ते उठतील तेव्हा ते बऱ्याच प्रमाणात रक्तात असेलच, कारण पासष्टीनंतर ते शरीरातून सावकाश जातं. टॅमसुलोसिनचा कळस पहाटे तीन-चारला येतो आहे. आणि हा माणूस अंधारात, उबदार अंथरुणातून एकदम उठून, उभ्यानं लघवी करणार आहे. लघवी करताना मूत्राशय रिकामं होतं तसा दाब आणखी उतरतो, हेही शरीराचं एक ठरलेलं वागणं आहे. धोका कुठे एकवटतो हे यावरून लक्षात येईल: लैंगिक संबंधाच्या वेळी नव्हे, तर त्यानंतर बाथरूमच्या वाटेवर. अल्फा ब्लॉकर झोपताना घ्यावा, म्हणजे चक्कर आलीच तरी माणूस आडवा असतो, हा सल्ला मुळात चांगला आहे. पण ज्याला प्रोस्टेटमुळे रात्री दोनदा उठावंच लागतं आणि ज्याची दुसरी गोळीही रात्रीचीच आहे, त्याच्यासाठी तो सल्ला उलटू शकतो.

डॉक्टर आधी हृदयाची चौकशी करतील: छातीत दुखतं का, दोन जिने दम न लागता चढता येतात का, घरात सॉर्बिट्रेट आहे का. मग पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजतील, उभं करून एका मिनिटानं आणि पुन्हा तीन मिनिटांनी मोजतील. समजा झोपून १३८/८४ आला, उभ्यानं एका मिनिटाला १२६/८० आणि तीन मिनिटांना १२८/८२. बारा अंकांची घसरण चालण्यासारखी आहे. वरचा दाब वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला, तर त्याला उभं राहिल्यावर होणारी दाबाची घट म्हणतात. मग ताठरतेची गोळी बाजूला ठेवून आधी मधुमेहानं मज्जातंतूंचं काय झालं आहे, दाबाची औषधं जास्त होताहेत का, हे पाहावं लागतं. आपल्या रुग्णाचं माप ठीक आहे, तेव्हा पुढची पायरी म्हणून टॅमसुलोसिन रात्रीऐवजी सकाळच्या नाश्त्यानंतर घ्यायला सांगता येईल. नऊला घेतलेल्या कॅप्सूलचा कळस दुपारी तीन-चारला येऊन जातो आणि रात्री दहापर्यंत पातळी उताराला लागलेली असते. मग पन्नासची नव्हे, पंचवीसची सिल्डेनाफिल, हलक्या जेवणानंतर, दारू न घेता, आणि घरात दुसरं माणूस असताना. घरी दाब मोजायचं यंत्र असेल तर गोळीनंतर तासाभरानं बसून आणि उभं राहून एकेकदा मोजावं. दोन-तीन वेळा काही त्रास झाला नाही आणि परिणाम अपुरा वाटला, तरच पुढच्या भेटीत पन्नासचा विचार. चोवीस तासांत एकापेक्षा जास्त गोळी नाही. हेच गृहस्थ डॉक्साझोसिन घेत असते, तर बऱ्याचदा आधी त्याच्या जागी टॅमसुलोसिनसारखं औषध आणता येतं. पण ते डॉक्साझोसिन रक्तदाबासाठीही चालू असेल, तर अदलाबदल इतकी सरळ राहत नाही आणि दाबाच्या औषधांची फेरमांडणी करावी लागते.

काहीजण यावर स्वतःच एक तोडगा काढतात: ज्या दिवशी ताठरतेची गोळी घ्यायची, त्या दिवशी प्रोस्टेटची चुकवायची. वरवर हे शहाणपणाचं वाटतं, कारण अंतर चार तासांवरून चोवीसवर जातं. पण अल्फा ब्लॉकरची सुरक्षितता त्याच्या रोजच्या सवयीवर उभी आहे. डॉक्साझोसिन किंवा टेराझोसिन काही दिवस चुकवून पुन्हा पूर्ण मात्रेत घेतलं, तर पहिल्या मात्रेचा धक्का नव्यानं बसू शकतो, म्हणून अशा वेळी ते पुन्हा छोट्या मात्रेपासून सुरू करावं लागतं. दुसरीकडे ज्याची प्रोस्टेट बरीच वाढली आहे त्याची लघवी तुंबण्याची भीती असते, आणि तुंबलेली लघवी म्हणजे रात्री-अपरात्री नळी घालायला इस्पितळात धाव. दर आठवड्याला गोळी चुकवणारा माणूस कधीच स्थिरावलेला नसतो आणि स्थिरावणं हीच तर पहिली अट होती. वेळ हलवावी, दिवस चुकवू नये.

या दोघांच्या भांडणात तिसऱ्या औषधानं तेल ओतण्याचे प्रकार आपल्याकडे विशेष पाहायला हवेत. पावसाळ्यात गजकर्णासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आठवडेच्या आठवडे दिल्या जातात. सिल्डेनाफिल, टाडालाफिल, टॅमसुलोसिन, सिलोडोसिन ही सगळी औषधं यकृतातलं जे विकर मोडीत काढतं, तेच विकर इट्राकोनॅझोल अडवतं. काही प्रतिजैविकंही, उदाहरणार्थ क्लॅरिथ्रोमायसिन, हेच करतात. परिणामी नेहमीच्याच गोळ्या रक्तात जास्त प्रमाणात आणि जास्त वेळ राहतात, आणि वर्षभर न आलेली चक्कर नेमकी त्या महिन्यात येते. सिलोडोसिनसोबत तर अशी औषधं निषिद्धच आहेत. दुसरा प्रकार म्हणजे शीघ्रपतनासाठीच्या डॅपॉक्सेटिनचा. सिल्डेनाफिल आणि डॅपॉक्सेटिन एकाच गोळीत मिळतात. डॅपॉक्सेटिनमुळे एकटं घेतलं तरी उभं राहताना भोवळ येऊ शकते, म्हणून अल्फा ब्लॉकर घेणाऱ्यानं अशी जोडगोळी स्वतःहून घेणं फार धोक्याचं. तिसरा प्रकार ‘शक्तिवर्धक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांचा आणि कॅप्सूलांचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं असल्या अनेक ‘नैसर्गिक’ उत्पादनांत न सांगता मिसळलेलं सिल्डेनाफिल पकडलेलं आहे. माणूस म्हणतो मी गोळी घेतच नाही, आणि खरं तर अज्ञात मात्रेत घेत असतो. सॉर्बिट्रेटसारख्या नायट्रेट औषधांची गोष्ट मात्र वेगळ्या पातळीवरची आहे. तिथे तासांची किंवा मात्रेची घासाघीस नाही. नायट्रेट घेणाऱ्यानं ताठरतेची ही गोळी घ्यायचीच नाही, कारण दाब जीव जाईल इतका कोसळू शकतो.

शेवटचा आक्षेप डॉक्टरांच्या बाजूनं येतो. एवढी काळजी घ्यायची, तर दोन गोळ्या द्यायच्याच कशाला? रोजचं पाच मिलिग्रॅम टाडालाफिल २०११ पासून अमेरिकेत प्रोस्टेटच्या तक्रारींसाठीही मान्य आहे, मग एकाच गोळीत दोन्ही कामं करावीत. काही रुग्णांसाठी हा खरोखर सर्वांत सुटसुटीत मार्ग आहे, आणि अल्फा ब्लॉकर नीट सुरू व्हायच्या आधीच दोन्ही तक्रारी एकदम समोर आल्या असतील तर मी तो आधी विचारात घ्यावा असं म्हणेन. अमेरिकी माहितीपत्र प्रोस्टेटसाठी टाडालाफिल आणि अल्फा ब्लॉकर जोडीनं वापरण्याची शिफारस करत नाही आणि एकावरून दुसऱ्यावर जाताना टाडालाफिल सुरू करण्याच्या किमान एक दिवस आधी अल्फा ब्लॉकर थांबवायला सांगतं. पण टाडालाफिलनं प्रत्येकाचीच धार सुधारते असं नाही. ज्याची लघवी एकदा तुंबलेली आहे आणि टॅमसुलोसिनवर आता बरी चालली आहे, त्याचं ते औषध ताठरतेसाठी काढून घेणं योग्य ठरणार नाही. मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर रोजचं टाडालाफिलही जपून द्यावं लागतं. म्हणून जोडी टाळणं हा एक पर्याय आहे, सगळ्यांसाठीचं उत्तर नाही. आणि जोडीची भीती घालून माणसाला परत पाठवलं, तर तो गोळी सोडत नाही, फक्त सांगायचं सोडतो. तो मग मित्राकडून पन्नासची किंवा शंभरची पट्टी आणतो आणि वर सांगितलेली एकही पायरी पाळली जात नाही. जोखीम खरी वाढते ती इथे.

दोन्ही गोळ्या चालू असणाऱ्या वाचकानं चक्करेची पहिली खूण ओळखायला शिकावं. उठल्यावर काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येणं, कानात गुंई आवाज, मान आणि खांदे भरून येणं, थंड घाम, पाय लटपटणं, ही दाब उतरल्याची लक्षणं आहेत. झोपल्या-बसल्याही खोली गरगर फिरत असेल, तर ती बहुधा कानाच्या बाजूची चक्कर, तिचा या गोळ्यांशी संबंध नसतो. अंधारी आली तर जिथे असाल तिथेच बसा, शक्य असेल तर आडवे होऊन पाय उशीवर उंच ठेवा, आणि चार पावलांवर बाथरूम आहे म्हणून उभ्यानं धडपडत जाऊ नका. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा आणि लघवीही बसूनच करा. शुद्ध हरपली, पडून डोक्याला मार लागला किंवा छातीत दुखू लागलं तर ताबडतोब इस्पितळ गाठा. तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य ताठरतेच्या गोळीबद्दलचं असू द्या: कोणती घेतली, किती मिलिग्रॅमची आणि किती वाजता. छातीत दुखणाऱ्याला तिथे जिभेखाली नायट्रेट दिलं जाऊ शकतं, आणि सिल्डेनाफिलनंतर किमान चोवीस तास, टाडालाफिलनंतर किमान अठ्ठेचाळीस तास ते द्यायचं नसतं. डॉक्टरांना हे कळण्याचा तुमच्याखेरीज दुसरा मार्ग नाही. ही गोष्ट पत्नीला किंवा घरातल्या एका तरी माणसाला आधीच माहीत असू द्या, कारण त्या वेळी बोलण्याच्या स्थितीत तुम्ही असालच असं नाही.